चार कोटेशनं, चार भाषा: एका कॉम्प्रेसर खरेदीच्या आरएफक्यूचा प्रकरण अभ्यास

एका मध्यम आकाराच्या कारखान्याला स्क्रू एअर कॉम्प्रेसर घ्यायचा होता. मेंटेनन्स विभागाने चार पुरवठादारांना तीन ओळींचा मेल पाठवला: ‘55 किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर, 7 बार, ड्रायरसह. आपला सर्वोत्तम दर कळवावा.’ आठवड्याभरात चारही कोटेशनं आली. ती शेजारी शेजारी मांडायला बसल्यावर खरेदी विभागाने हात टेकले आणि फाइल माझ्याकडे आली.

रकमा इथे देत नाही, कारण त्यांचा उपयोग नाही. सर्वांत कमी कोटेशनला 100 धरू आणि बाकी सगळं त्या मापाने मोजू. पुरवठादारांना अ, ब, क, ड म्हणू.

अ चा दर 100. हवा 10.4 घनमीटर प्रति मिनिट. ड्रायरचा उल्लेखच नाही. ब चा दर 131, हवा 340 सीएफएम म्हणजे घनफूट प्रति मिनिट, दाब 8 बार, ड्रायर धरून. क चा दर 118, मशीन व्हेरिएबल स्पीडचं, हवा ‘540 नॉर्मल घनमीटर प्रति तास’, ड्रायर वेगळा आणि माल त्यांच्या गेटवर ताब्यात. ड ने 55 मागितलेलं असताना 75 किलोवॅटचं मशीन दिलं, ‘भविष्यातील वाढीचा विचार करून’. दर 140.

ड चं मोठं मशीन सोडलं तर सगळ्यांत जास्त हवा अ ची दिसते आणि दरही सगळ्यांत कमी. विषय तिथेच संपला असता. पण हवेच्या या तीन आकड्यांमध्ये एकच गोष्ट मोजलेली नाही.

कॉम्प्रेसरची हवा सहसा एफएडी म्हणून सांगतात. मशीन प्रत्यक्षात जेवढी हवा बाहेर देतं, ती आत शिरतानाच्या स्थितीत किती जागा व्यापेल, तो हा आकडा. संदर्भाची स्थिती 20 अंश सेल्सिअस, 1 बार निरपेक्ष दाब आणि कोरडी हवा. नॉर्मल घनमीटर 0 अंश आणि 1.013 बारवर मोजतात. थंड आणि किंचित जास्त दाबाची हवा कमी जागा घेते, म्हणून तीच हवा नॉर्मल घनमीटरमध्ये सुमारे आठ टक्क्यांनी लहान दिसते. क चे 540 प्रति तास म्हणजे मिनिटाला 9, पण एफएडीत ते जवळपास 9.8 होतात. ब चे 340 सीएफएम म्हणजे 9.6, तेही 8 बारवर. आणि अ चे 10.4? फोनवर विचारल्यावर कळलं की तो स्क्रूच्या पोकळीचा हिशोबी आकडा होता. गळती आणि आत शिरताना होणारी घट त्यात धरलेलीच नव्हती.

कुणी खोटं बोललं नव्हतं. प्रश्नच इतका सैल होता की प्रत्येकाने आपल्याला सोयीचं उत्तर दिलं. कोटेशनं हातात आल्यावर एकेकाला फोन करून आकडे जुळवत बसणं हा त्यावरचा इलाज नाही. त्या फोनाफोनीत कुणाला एक सवलत दिली जाते, कुणाला दुसरी, आणि शेवटी तुलना कशावर झाली हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून चारही कोटेशनं बाजूला ठेवून नव्याने आरएफक्यू, म्हणजे दर मागवणारं रीतसर पत्र, काढायचं ठरलं.

आधी स्वतःची गरज

मेंटेनन्सने तोपर्यंत स्पेसिफिकेशनचा एक मसुदाही तयार ठेवला होता, चांगला पाच पानी. त्यात गिअर ड्राइव्ह, मोटरचे आरपीएम, ऑइल टाकीचे लिटर, कॅनॉपीच्या पत्र्याची जाडी असं सगळं होतं. वाचताना लक्षात आलं की हे एका कंपनीच्या कॅटलॉगचं पान आहे, फक्त नाव खोडलेलं. असा मसुदा पाठवला तर एकच पुरवठादार ‘पूर्ण पात्र’ ठरतो आणि बाकीचे एकतर गप्प बसतात किंवा प्रत्येक ओळीपुढे विचलन लिहून देतात. आम्ही त्यातला जवळजवळ सगळा मजकूर काढून टाकला. गिअर असो की थेट कपलिंग, ते मशीन बनवणाऱ्याने ठरवावं. आपल्याला हवा किती, कुठल्या दाबाला आणि किती कोरडी लागते, हे मात्र आपल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

तेही कुणी मोजलेलं नव्हतं. 55 किलोवॅट हा आकडा जुन्या मशीनच्या पाटीवरून आला होता. मुख्य लाइनवर फ्लो मीटर लावून आठवडाभर नोंद घेतली. त्यातून तीन टप्पे स्पष्ट दिसले: काही तास 9 ते 9.5 घनमीटर प्रति मिनिट, बराचसा वेळ 7 च्या आसपास आणि रात्रीच्या पाळीत 4.5. वर्षाच्या 6000 तासांत त्यांची वाटणी 1500, 3500 आणि 1000 अशी धरली.

आरएफक्यूतलं मुख्य स्पेसिफिकेशन मग चार वाक्यांत बसलं. किमान 9.5 घनमीटर प्रति मिनिट एफएडी, ड्रायर आणि फिल्टरच्या पुढे 7 बार दाबाला. हवेचा दर्जा आयएसओ 8573-1 प्रमाणे 1:4:1, म्हणजे धूळ वर्ग 1, पाणी वर्ग 4, तेल वर्ग 1. खोलीचं तापमान 40 अंशांपर्यंत. चाचणी आयएसओ 1217 प्रमाणे, ठरलेल्या वेगाच्या मशीनला परिशिष्ट सी आणि व्हेरिएबल स्पीडला परिशिष्ट ई.

‘ड्रायर आणि फिल्टरच्या पुढे’ हे शब्द फार महत्त्वाचे. दाब कुठे मोजायचा हे लिहिलं नाही तर पुरवठादार तो कॉम्प्रेसरच्या तोंडाशी धरतो. ड्रायर आणि फिल्टर मिळून तीन-चार दशांश बार सहज खातात, फिल्टर मळल्यावर आणखी. तेवढा दाब मशीनला जास्त काढावा लागतो, आणि एक बार दाब वाढला की वीज साधारण सहा-सात टक्क्यांनी वाढते.

उत्तराचा नमुना

खरी मेहनत इथे गेली. उत्तरासाठी एक्सेलची एकच फाइल दिली. आमचे रकाने कुलूपबंद, पुरवठादाराने भरायचे रकाने पिवळे. प्रत्येक ओळीत आमची मागणी, मोजमापाचं एकक, त्यांचा हमीचा आकडा आणि तो त्यांच्या डेटाशीटच्या कुठल्या पानावर आहे, एवढंच. एकक आम्हीच छापलेलं, त्यामुळे सीएफएम की नॉर्मल घनमीटर हा प्रश्नच उरला नाही.

विजेच्या ओळी सर्वांत जास्त विचार करून लिहिल्या. नेहमीच्या नमुन्यात ‘मोटर किलोवॅट’ असा रकाना असतो आणि तो जवळजवळ निरुपयोगी असतो. 55 ही मोटरच्या शाफ्टवरची पाटी. कूलिंग फॅन, मोटरमधला तोटा आणि मोटर पाटीपेक्षा किती जास्त ओढते हे सगळं धरलं तर मीटरवर तेच मशीन 63-65 किलोवॅट घेऊ शकतं. म्हणून आम्ही विचारलं: पूर्ण पॅकेज मीटरवर किती किलोवॅट घेईल, (1) 9.5 घनमीटर हवा देताना, (2) 7 देताना, (3) 4.5 देताना? ड्रायरची वीज वेगळ्या ओळीत.

या तीन ओळींमुळे एक अवघड तुलना सोपी झाली. ठरलेल्या वेगाचं मशीन कमी हवा लागली की लोड-अनलोड होत राहतं, म्हणजे थोडा वेळ हवा देतं, थोडा वेळ नुसतंच फिरतं, आणि अनलोड असतानाही पूर्ण विजेचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त खातं. व्हेरिएबल स्पीडचं मशीन वेग कमी करतं, पण पूर्ण वेगाला ड्राइव्हचा तोटा सोसतं. कुठलं तंत्र चांगलं यावर बैठकीत तासभर वाद घालता येतो आणि आमच्याकडे तो घातलाही गेला. प्रश्न आपल्या तीन टप्प्यांवर विचारला की त्या वादाची गरज राहत नाही.

दुसरी बारकाईने लिहिलेली गोष्ट टॉलरन्सची. आयएसओ 1217 मध्ये या आकाराच्या मशीनला हवेवर 5 टक्के आणि प्रति घनमीटर विजेवर 6 टक्के सूट आहे. चाचणीत ती रास्त असेल, तुलनेत मात्र ती गोंधळ घालते: एकजण खात्रीचा आकडा देतो, दुसरा सूट धरून फुगवलेला. नमुन्यात एक ओळ टाकली, ‘हा आकडा टॉलरन्सविना हमीचा आहे का?’ आणि खाली नियम छापला: ‘नाही’ असेल तर तुलनेसाठी हवा 5 टक्क्यांनी कमी आणि वीज 6 टक्क्यांनी जास्त धरली जाईल.

किमतीचं पान वेगळं. कॉम्प्रेसर, ड्रायर, फिल्टर, दोन वर्षांचे ठरावीक सुटे भाग, वाहतूक आणि विमा, उभारणी आणि चालू करून देणं, अशा ओळी आणि कर शेवटी स्वतंत्र. दर आमच्या जागेवर पोहोच. रकान्यात फक्त आकडा चालेल असं बंधन घातलं. ‘समाविष्ट’ हा शब्द किमतीच्या रकान्यात आला की नेमकं काय समाविष्ट आहे यावर पुढे भांडण ठरलेलं असतं. किंमत दुसऱ्या ओळीत धरली असेल तर इथे शून्य लिहायचं आणि ती कुठल्या ओळीत धरली तिचा क्रमांक द्यायचा. डिलिव्हरीचे आठवडे ऑर्डरच्या तारखेपासून मोजायचे. पहिल्या फेरीत एकाने ते ऍडव्हान्स मिळाल्यापासून आणि दुसऱ्याने ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून मोजले होते, त्यामुळे आठ आठवड्यांपेक्षा सहा आठवडे खरंच कमी होते का, हे सांगता येत नव्हतं.

शेवटचं पान विचलनाचं. जे जमणार नाही ते फक्त इथेच लिहायचं. पान कोरं असेल तर सगळं मान्य आहे असं धरलं जाईल, आणि पुरवठादाराच्या छापील अटींत काही वेगळं असलं तरी हा नमुनाच ग्राह्य मानला जाईल.

तुलनेचं सूत्र आधीच सांगणं

यावर खरेदी विभाग बिथरला. ‘आपण कसे निवडणार हे त्यांना सांगितलं तर ते तसंच खेळतील,’ असं त्यांचं म्हणणं. माझं मत उलट आहे. त्यांनी तसंच खेळावं म्हणून तर सूत्र छापायचं. फक्त दर बघणार असं त्यांना वाटलं तर ते स्वस्त आणि वीज खाणारं मशीन देतील, आणि तो दोष त्यांचा नसेल.

सूत्र साधं होतं: पोहोच किंमत अधिक पाच वर्षांची वीज. तीन टप्प्यांचे किलोवॅट गुणिले त्यांचे तास, मिळून वर्षाची युनिटं. कारखान्याच्या वीजदराने 2500 युनिटं म्हणजे आपल्या मापातला 1 गुण. तो दरही आरएफक्यूत छापला. पुढच्या वर्षांच्या रकमा आजच्या किमतीत आणण्याचा हिशोब मुद्दाम टाळला. फरक निसटता असता तर तो करावा लागला असता.

त्याच्याच पुढे दंडाचं कलम होतं. मशीन चाचणीत हमीपेक्षा जास्त वीज घेताना दिसलं तर जादा युनिटं त्याच दराने, त्याच पाच वर्षांसाठी शेवटच्या हप्त्यातून वजा होतील. तुलनेत ज्या आकड्याने फायदा मिळतो, त्याच आकड्याने दंड बसतो. हे कलम नसतं तर तीन ओळींमध्ये चार सुंदर आकडे आले असते आणि आम्ही त्यांवर विश्वास ठेवून बसलो असतो.

उत्तरं येताना

शंका विचारायला एक मुदत ठेवली होती. ब ने विचारलं, गरम हवा बाहेर नेणारा डक्ट कोण करणार? प्रश्न रास्त होता, आमच्याकडून सुटला होता. विचारणाऱ्याचं नाव न देता प्रश्न आणि उत्तर चौघांनाही एकाच वेळी पाठवलं आणि किमतीच्या पानात एक ओळ वाढवलेली फाइल दिली.

ड ची फाइल मुदतीच्या दोन दिवस आधी आली. सोबत बारा पानी रंगीत प्रस्ताव, आणि नमुन्याच्या रकान्यांत ‘सोबतचा प्रस्ताव पाहावा’. मुदत बाकी असल्याने ती परत पाठवली. त्यांनी भरून दिली. मुदतीनंतर आली असती तर बाद झाली असती. एकाचा प्रस्ताव आपण वाचून रकाने भरले की हमी त्याची राहत नाही, आपला अंदाज होतो.

ड्रायरच्या ओळीने वेगळंच काही उघड केलं. रेफ्रिजरंट ड्रायरची कॅटलॉगमधली क्षमता सहसा आत येणारी हवा 35 अंश आणि खोली 25 अंश धरून देतात. आमच्याकडे उन्हाळ्यात खोली 40 आणि ड्रायरमध्ये शिरणारी हवा 50 च्या घरात. नमुन्यात ‘या तापमानाला 3 अंश दवबिंदू राखून क्षमता किती’ असं विचारलं होतं. ब चा पहिल्या फेरीतला ड्रायर कॅटलॉगमध्ये 10 घनमीटरचा होता, इथे तो सहाच्या आसपास आला. त्यांनी स्वतःहून मोठा ड्रायर दिला. पहिलंच कोटेशन मान्य केलं असतं तर ड्रायरला ‘चालतोय’ म्हटलं गेलं असतं आणि दुपारी न्यूमॅटिक व्हॉल्व्हमधून पाणी निघालं असतं.

अ ने हवा 9.9 लिहिली आणि टॉलरन्सच्या ओळीत ‘नाही’. नियमाने ती 9.4 झाली, म्हणजे किमान मागणीच्या खाली. शंका कळवल्यावर त्यांनी 9.5 ची बिनशर्त हमी लिहून दिली, पण विजेची हमी द्यायला तयार झाले नाहीत. त्यामुळे त्यांच्या 62 किलोवॅटवर 6 टक्के चढले आणि तुलनेत 65.7 धरले गेले.

सगळं भरून झाल्यावर चित्र असं होतं:

| पुरवठादार | पहिला दर | पोहोच किंमत | 5 वर्षांची वीज | एकूण |
|---|---|---|---|---|
| अ | 100 | 127 | 653 | 780 |
| ब | 131 | 136 | 623 | 759 |
| क | 118 | 145 | 578 | 723 |
| ड | 140 | 152 | 677 | 829 |

पहिला दर आणि पोहोच किंमत यांत अ 27 ने वर गेला आणि ब फक्त 5 ने. अ महाग झाला नव्हता. आधी जे कोटेशनच्या बाहेर होतं, ते आत आलं. ड चं मोठं मशीन 7 घनमीटरच्या टप्प्यावर निम्मा वेळ अनलोड राहत होतं, म्हणून त्याची वीज सर्वांत जास्त.

क ची निवड झाली. पण त्या निवडीला एक अट चिकटलेली आहे आणि ती आम्ही टिपणात लिहून ठेवली. 9.5 च्या टप्प्यावर क 65 किलोवॅट घेतो आणि ब 63. म्हणजे पूर्ण भाराला क महागडा आहे. 7 च्या टप्प्यावर मात्र क 46 वर उतरतो आणि ब 50.9 वर राहतो. कारखाना सगळे 6000 तास पूर्ण भाराने चालला असता तर ब चे 892 आणि क चे 925 झाले असते आणि निकाल उलटा लागला असता. म्हणूनच आठवडाभराची ती फ्लो मीटरची नोंद सगळ्या नमुन्याचा पाया होती. ती ढिसाळ असती तर एवढी नेटकी तुलनाही चुकीचंच मशीन दाखवून मोकळी झाली असती.

नमुन्यातल्या सगळ्याच ओळी कामाच्या निघाल्या नाहीत. ‘24 तासांत सर्व्हिस इंजिनिअर उपलब्ध होईल का?’ या ओळीला चौघांनी ‘होय’ लिहिलं. कोण नाही म्हणणार? होय-नाहीच्या ओळी फार तर विक्रेत्याला बांधून ठेवतात, त्यांतून तुलना होत नाही. तिच्याऐवजी सर्वांत जवळचा इंजिनिअर किती किलोमीटरवर आहे आणि एअर-एंड, म्हणजे हवा दाबणारा स्क्रूचा मुख्य भाग, साठ्यात आहे का की मागवावा लागेल, असं विचारायला हवं. पुढच्या आरएफक्यूसाठी ती ओळ तशी बदलली.

क च्या कारखान्यात चाचणी झाली. मापन यंत्रांची अचूकता आणि त्यातली अनिश्चितता कशी धरायची हे आधी कागदावर ठरवून घेतलं होतं. हवा हमीइतकी भरली, 9.5 आणि 4.5 च्या टप्प्यांची वीज हमीच्या आत राहिली. 7 च्या टप्प्यावर, मान्य अनिश्चितता सोडूनही, 46 ऐवजी 46.4 किलोवॅट निघाले. 0.4 किलोवॅट, 3500 तास, 5 वर्षं: 7000 युनिटं, म्हणजे 2.8 गुण. क च्या माणसाने हिशोब एकदा तपासला, आपल्याच भरलेल्या नमुन्यातली ओळ पाहिली आणि शेवटच्या हप्त्याचं बिल तेवढं कमी करून पाठवलं.